उद्यमबागेतल्या मालकाला पत्र लिहिताना

उन्हाळा लागला की माझ्या टेबलावर कॉलेजच्या पोरांचे इंटर्नशिपचे अर्ज जमायला लागतात. बेळगावच्या उद्यमबागेत माझी लहान फौंड्री आहे, बिडाचे नग ओततो. अर्ज बहुतेक इंग्रजीत असतात, आणि नाव झाकलं तर कुणाचा कुठला ते सांगता येणार नाही. 'आपल्या नामांकित कंपनीत शिकण्याची संधी मिळावी.' आता माझ्या नामांकित कंपनीत एक भट्टी, एक सुपरवायझर आणि बावीस माणसं. पोरगा आला की त्याला काय काम द्यायचं, हे मलाच शोधावं लागतं. तेवढा वेळ नसतो म्हणून अर्ज तसाच पडून राहतो.

एक अर्ज मात्र मी त्याच दिवशी वाचून फोन केला. खानापूर तालुक्यातला मुलगा, मेकॅनिकल डिप्लोमाचा. पत्र मराठीत होतं. त्याची परवानगी घेऊन वाचून दाखवतो.

"साहेब, नमस्कार. मार्चमध्ये आमची कॉलेजची सहल तुमच्या कारखान्यात आली होती. तेव्हा रिजेक्ट नगांचा ढीग पाहिला, पण नग कशामुळे गेला हे रजिस्टरात लिहिलेलं दिसलं नाही. मला सहा आठवडे एकाच नगाचा हिशोब ठेवायचा आहे: रोज किती ओतले, किती गेले, कोणत्या दोषानं गेले, आणि त्या दिवशी साच्याच्या वाळूत ओल किती होती. मला एक्सेल येतं, ड्रॉइंग वाचता येतं, कन्नड वाचता-लिहिता येतं. फौंड्रीचं काम केलेलं नाही. परीक्षा संपल्यावर सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते पाच येईन. फक्त दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस तोंडी परीक्षा आहे. सेफ्टी शूज माझे आणीन. तुमच्या गिऱ्हाइकांची नावं आणि ड्रॉइंग अहवालात येणार नाहीत. कॉलेजला तुमच्या सहीचं प्रमाणपत्र लागेल. जमल्यास बसभाडं मिळावं."

यात मला सर्वांत आवडलं ते 'कन्नड वाचता येतं'. आमचं शिफ्टचं रजिस्टर अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत. भरणारा जसा असेल तसं. बेळगावच्या पोरांना हे येतं, पण कौशल्य म्हणून लिहायचं सुचत नाही. तिथं 'टीमवर्क' लिहितात. 'फौंड्रीचं काम केलेलं नाही' हेही बरं लिहिलं. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी त्याला भट्टीजवळ न पाठवता फेटलिंगकडे, म्हणजे नग साफ करतात तिथं, उभा केला.

तिथं दोष ओळखायला शिकला. ब्लो होल म्हणजे वायूनं केलेलं भोक. आतली बाजू गुळगुळीत. जाड भागात खडबडीत पोकळी दिसली तर ती आकसण्याची, धातू थिजताना कमी पडल्याची. वाळू अडकली असेल तर तिचे कण दिसतात. आम्ही या सगळ्यालाच 'भोक' म्हणून मोकळे होत होतो.

ओल मोजायला सोपी रीत: पन्नास ग्रॅम वाळू घ्यायची, साधारण ११० अंशांवर पूर्ण वाळवायची आणि पुन्हा वजन करायचं. ४८ ग्रॅम भरली तर दोन ग्रॅम पाणी, म्हणजे ४ टक्के ओल. पाणी जास्त झालं की तापलेल्या धातूला लागून वाफ होते, आणि वाफेला वाळूतून वाट मिळाली नाही तर ती नगात शिरते.

तिसऱ्या आठवड्यात तो कागद घेऊन आला. ब्लो होलचे नग सोमवारी जास्त. रविवारी वाळू पडून सुकते, सोमवारी मिक्सरवाला हातानं अंदाजे पाणी मारतो, आणि ओलही त्या दिवशी जास्त निघत होती. "सापडलं, साहेब," म्हणाला. मी म्हटलं, थांब मर्दा. सोमवारी धातू ओतायचा लॅडलही थंड असतो. त्याच्या अस्तरात ओल राहिली तरी वायू होतो, आणि धातू गार पडला तर वायू बाहेर निघायच्या आत थिजतो. तुझ्या कागदावर दोन्ही कारणं एकाच रकान्यात बसलीत.

मग पुढच्या सोमवारी लॅडल नेहमीपेक्षा बराच वेळ तापवला, वाळूला हात लावला नाही. ब्लो होल कमी झाले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारी लॅडल तसाच तापवून पाणी मोजून मारलं, तेव्हा कमी झाले. एकेका सोमवारावर मी पैज लावणार नाही, पण त्याच्या हातात आणखी एकच सोमवार होता. त्यानंतरचे पावसाळ्यातले सोमवार मिक्सरवाल्यानं स्वतः मोजले, त्याच कागदावर, कन्नडमध्ये.