घड्याळाची बॅटरी रात्रीतून कुठं जाते?

मंडळी, लातुरात माझं मोबाइल आणि घड्याळं दुरुस्तीचं दुकान आहे. स्मार्टवॉचला अपडेट आलं की पुढचे चार दिवस दुकानात एकच वाक्य ऐकू येतं: "बॅटरी गेली, बदलून टाका." बदलली तर चार पैसे मलाच मिळणार. पण बऱ्याचदा बॅटरी बिचारी धडधाकट असते. आज अशा एकाच घड्याळाबद्दल बोलतो.

औसा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आले. मुलीनं ई-सिमचं घड्याळ घेऊन दिलेलं, दीड वर्ष झालेलं. रविवारी संध्याकाळी अपडेट झालं. आधी रात्रीतून दहा-बारा टक्के उतरायचे. आता रात्री दहाला ८४ आणि सकाळी सहाला ३१. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, बॅटरी बसली. तिथंच पैसे देऊन मोकळे झाले असते, पण गुरुजी माणूस हिशेबी.

मी विचारलं, "गुरुजी, रात्री किती झाल्या?" हा प्रश्न आधी विचारायचा, कारण अपडेटनंतर पहिल्या एक-दोन रात्री घड्याळ झोपतच नाही. आतली अ‍ॅप्स नव्या सॉफ्टवेअरला जुळवून घेत असतात, फोनशी सिंक चाललेलं असतं. घड्याळ हाताला कोमट लागतं. हे आपोआप थांबतं. पण गुरुजी बुधवारी आले होते. तिन्ही रात्रींचा आकडा पन्नासच्या वर.

दुसरं असं की लिथियमची बॅटरी महिन्या-महिन्यांनी म्हातारी होते. रविवारी दुपारी चांगली आणि रात्री मेली, असं सहसा होत नाही. हां, आधीच थकलेली बॅटरी अपडेटच्या भारानं उघडी पडते, ते खरं. म्हणून अंदाजावर न जाता मोजायचं.

मोजायला कुठलंही मशीन लागत नाही. मी गुरुजींना सांगितलं, आज रात्री घड्याळ एअरप्लेन मोडवर टाका, ब्लूटूथ आणि वायफायही बंद झालंय ना ते बघा, आणि झोपताना व उठल्यावर टक्के वहीत लिहा. गजर तरीही वाजतो, झोपेची नोंदही होते. गुरुवारी त्यांचा फोन आला: "८५ ची ७८ झाली बघा." आठ तासांत सात टक्के. बॅटरीच गेली असती, तर एअरप्लेन मोडनं ती एका रात्रीत बरी कशी झाली असती? म्हणजे बॅटरी खाणारा घड्याळातला रेडिओ होता, म्हणजे ब्लूटूथ, वायफाय किंवा मोबाइल नेटवर्क यांपैकी काहीतरी.

आता कोणता रेडिओ? गुरुजींचं घर जुनं माळवदाचं, हातभर जाड दगड-मातीच्या भिंती. रेंज फक्त ओसरीत, म्हणून फोन रात्री ओसरीत चार्जिंगला. गुरुजी झोपतात माजघरात. त्या भिंतींतून ब्लूटूथ काही पोहोचत नाही. फोनशी जोडणी तुटली की ई-सिमचं घड्याळ स्वतःच टॉवर शोधायला लागतं, आणि रेंज जितकी कमी तितका त्याला जोर जास्त लावावा लागतो. फोनला हे झेपतं, त्याची बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास असते. घड्याळाची असते तीन-चारशे. फोनमध्ये जी गळती दिसतही नाही, तिच्यानं घड्याळ सकाळपर्यंत रिकामं होतं.

"पण फोन तर आधीपासून ओसरीतच असतो की," गुरुजी म्हणाले. प्रश्न बरोबर होता. घड्याळाच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडून बघितलं, तर ते "कायम चालू"वर होतं. ते बंद ठेवत असल्याचं गुरुजींना पक्कं आठवत होतं. काही वेळा अपडेट अशी एखादी सेटिंग गुपचूप बदलून जातं. शुक्रवारी रात्री फक्त तेवढं बंद केलं, बाकी सगळं चालू ठेवलं. दहा टक्के उतरले. एका रात्री एकच गोष्ट बदलायची. चार बदलल्या तर चोर कोणता हे कळत नाही.

समजा, एअरप्लेन मोडवरही पन्नास टक्के उतरले असते, तर? मग मी कायम चालू राहणारा डिस्प्ले, रात्रभर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि बाहेरून घेतलेला वॉचफेस, एकेक रात्र एकेक बंद करायला लावला असता. अपडेटनंतर यातलं काहीतरी चालू झालेलं सापडतं. त्यानंतर रीस्टार्ट, आणि अगदी शेवटी फॅक्टरी रीसेट. तोही फोनवर डेटा सिंक झाल्याची खात्री करून. ई-सिम पुसायचं का असं विचारलं, तर घाईत "हो" दाबू नका, नाहीतर कंपनीकडून नवं घेत बसावं लागेल.

बॅटरीचा दोष असला तर त्याच्या खुणा वेगळ्या दिसतात. चाळीसवरून एकदम बारावर उडी, वीस-पंचवीस टक्के दाखवत असताना घड्याळ बंद पडणं. काही घड्याळांत बॅटरी हेल्थचा आकडाही दिसतो. तो ८० च्या खाली असेल तर बदलायचा विचार करा. पण घड्याळाची काच चिकटवलेली असते. एकदा उघडली की पाण्यापासून आधीइतकं संरक्षण राहील याची हमी मी देत नाही.

एकाच बाबतीत मात्र वही-पेन बाजूला ठेवा. काच एका कडेनं उचललेली दिसली, नख आत जायला लागलं, तर बॅटरी फुगलीय. ते घड्याळ रात्री हातावर ठेवू नका, चार्जिंगला लावू नका आणि काच दाबून बसवायला तर अजिबात जाऊ नका.