षटकोन मजबूत असतो का? पूल, पोळे आणि देऊळ

नमस्कार विद्यार्थी मित्रांनो. शाळेत ‘आपल्या भोवतालची भूमिती’ या विषयावर पाच मिनिटांचे भाषण करायचे ठरले, की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘पूल, मधमाशांचे पोळे आणि मंदिरे भौमितिक आकारांची असतात, कारण हे आकार मजबूत असतात.’ पुलाच्या बाबतीत हे वाक्य बरेचसे खरे आहे, पण पोळ्याच्या आणि देवळाच्या बाबतीत कारण वेगळेच आहे. ते नेमके काय, हे आज पाहू.

(पुठ्ठ्याच्या पट्ट्या जवळून दाखवाव्यात.)

माझ्या हातात पुठ्ठ्याच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या आहेत. टोकांना भोके पाडून त्या टिचबटणांनी जोडल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक सांधा मोकळा फिरतो. हा चार पट्ट्यांचा चौरस एका कोपऱ्यात दाबला की लगेच कलंडतो आणि त्याचा समभुज चौकोन होतो. चारही बाजू तेवढ्याच राहतात, कोन मात्र बदलतात. हा तीन पट्ट्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी हलत नाही. शाळेत तुम्ही त्रिकोणांच्या एकरूपतेची ‘बाबाबा’ कसोटी शिकता, तीच इथे हाताला जाणवते. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोणाचे तीनही कोन ठरून जातात आणि सरकायला जागाच उरत नाही. म्हणून रेल्वेच्या लोखंडी पुलांच्या दोन्ही अंगांना तिरक्या पट्ट्यांनी बनलेली त्रिकोणांची रांग दिसते.

आता चौरसात कर्णाच्या जागी पट्टीऐवजी दोरा बांधू. एका बाजूने दाबले की दोरा ताणला जातो आणि चौकट स्थिर राहते, पण उलट बाजूने दाबताच दोरा सैल पडून चौकट कोसळते. पुलातल्या काही तिरक्या पट्ट्या ताण सोसतात आणि काही दाब, हे समजण्यासाठी एवढा प्रयोग पुरे. दाब सोसणारी पट्टी लांब आणि बारीक असेल तर ती मध्येच वाकते, म्हणून ती सहसा जाड ठेवावी लागते. सगळेच पूल त्रिकोणांवर उभे असतात असे मात्र म्हणू नका. आपल्या पुण्यातल्या खडकीचा होळकर पूल दगडी कमानींचा आहे, कारण दगड दाब उत्तम सोसतो आणि ताण जवळजवळ सोसतच नाही.

आणि हा सहा पट्ट्यांचा षटकोन. हा तर चौरसापेक्षाही लवचीक आहे! चौरस पक्का करायला एक कर्ण पुरतो, षटकोनाला तीन लागतात. मग मधमाशा षटकोन का निवडतात? पोळ्यातल्या भिंती अशा मोकळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या नसतात, एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे पोळे कलंडत नाही हे खरे. पण षटकोनाचे मुख्य कारण मेणाची बचत हे आहे.

मेण मधमाशीला महाग पडते. ते कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून बारीक पापुद्र्यांच्या रूपात स्रवते, आणि किलोभर मेण तयार होण्यासाठी माशांना कित्येक किलो मध खावा लागतो. तेव्हा प्रश्न असा, की सारख्या आकाराच्या घरांनी जागा पूर्ण भरायची आणि भिंती कमीत कमी ठेवायच्या, तर घर कोणत्या आकाराचे असावे?

आधी जागा भरण्याचे पाहू. एका बिंदूभोवती कोनांची बेरीज ३६० अंश झाली पाहिजे. समभुज त्रिकोणाचे ६० अंशांचे सहा कोन बसतात, चौरसाचे ९० अंशांचे चार आणि नियमित षटकोनाचे १२० अंशांचे तीन. नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा असल्याने तीन कोन ठेवले तर ३६ अंशांची फट राहते आणि चौथा मावत नाही. सहापेक्षा जास्त बाजू घेतल्या तर कोन १२० अंशांहून मोठा होतो आणि तीनही मावत नाहीत. म्हणजे एकाच प्रकारचे नियमित आकार वापरायचे तर उमेदवार तीनच उरले.

आता त्या तिघांची स्पर्धा. प्रत्येकाचे क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर धरा. चौरसाची बाजू ६ सेंटिमीटर, म्हणून परिमिती २४. त्रिकोणाची परिमिती सुमारे २७.४ सेंटिमीटर भरते आणि षटकोनाची सुमारे २२.३. तेवढ्याच जागेसाठी षटकोनाला चौरसापेक्षा सुमारे ७ टक्के आणि त्रिकोणापेक्षा सुमारे १८ टक्के कमी भिंत लागते. वर्तुळाचा परीघ याहूनही कमी, सुमारे २१.३ आहे, पण वर्तुळे शेजारी ठेवली की मध्ये फटी राहतात आणि एक भिंत दोन घरांना वापरता येत नाही, म्हणून ते बाद होते. हा विचार चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाने मांडला होता. पण कोणतेही वेडेवाकडे आकार घेतले तरी सारख्या क्षेत्रफळाच्या घरांसाठी षटकोनांची जाळीच सर्वांत काटकसरीची ठरते, याची सिद्धता टॉमस हेल्स या गणितज्ञाने थेट १९९९ मध्ये दिली.

पोळे जवळून पाहिले तर ते वहीत काढल्याइतके नेटके नसते. नर माश्यांची घरे कामकऱ्यांच्या घरांपेक्षा मोठी असतात आणि दोन आकार जिथे भेटतात तिथे पाच किंवा सात बाजूंची घरेही सापडतात. राणीचे घर तर षटकोनी नसतेच. ते भुईमुगाच्या शेंगेसारखे खाली लोंबते. पुण्यात शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शाळेची भेट ठरवता आली तर हे फरक आवर्जून दाखवायला सांगा.

देवळाची गोष्ट निराळी आहे. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात नंदीचा मंडप वर्तुळाकार आहे, आणि एकूणच देवळांच्या गाभाऱ्याचा आराखडा बहुधा चौरस असतो. खुंटी आणि दोरी एवढ्याच साधनांनी हे दोन्ही आकार जमिनीवर अचूक आखता येतात. कर्नाटकातील डंबळचे बाराव्या शतकातले दोड्डबसप्पा मंदिर बाहेरून २४ टोकांच्या ताऱ्यासारखे दिसते. असा आराखडा हवा असेल तर एकच चौरस मध्यबिंदूभोवती १५-१५ अंशांनी फिरवून सहा जागी आखावा. प्रत्येक चौरसाचे चार कोपरे, म्हणून सहा चोक चोवीस, आणि सगळी टोके एकाच वर्तुळावर पडतात.

पण पहिला चौरस पूर्वेकडे तोंड करून कसा बसवायचा? यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, म्हणजे शुल्बसूत्रांत, त्याची रीत आहे आणि ती शाळेच्या मैदानावर करून पाहता येते. सपाट जागी एक मीटर उंचीची काठी सरळ उभी रोवा आणि तिच्याभोवती दीड मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक जिथे वर्तुळाच्या आत शिरेल तिथे आणि दुपारी जिथे बाहेर पडेल तिथे खूण करा. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिचा लंबदुभाजक दक्षिणोत्तर. दोन खुणांमधल्या वेळात सूर्य किंचित उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो आणि तेवढी चूक रेषेत येते. ती २१ जून आणि २१ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत कमी असते. जूनमध्ये पुण्यात ढग असतात, तेव्हा डिसेंबरच धरा. खुणा सकाळी दहाच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास मिळतील.