तानपुरा थांबत नाही: एका गेमच्या संगीतातील खटक्याचा शोध

[दृश्य: संगणकाचा पडदा. दाट जंगल, ओली पायवाट, सावकाश चालणारी आकृती. तानपुरा आणि बासरी ऐकू येते.]

ब्राउझरमध्ये चालणारा हा एक छोटा गेम आहे आणि तो दोन जणांनी मिळून केला आहे. प्रोग्राम तिने लिहिला आहे, संगीत त्याने दिले आहे. खेळाडू जंगलात हिंडत असतो तेव्हा तानपुऱ्यावर बासरी वाजते आणि शत्रू जवळ आला की बासरीची जागा ढोल आणि ताशा घेतात. दोन्ही तुकडे एकाच सुरात आणि एकाच लयीत बांधलेले आहेत. मिनिटाला 96 मात्रा, आठ मात्रांचे आवर्तन, म्हणजे एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचे. अशी सोळा आवर्तने झाली की 80 सेकंदांचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

[दृश्य: झुडपामागून शत्रू येतो. ‘ठक्’ असा आवाज, मग ढोल. तोच प्रसंग तीन वेळा दाखवावा. निवेदन नाही.]

हा आवाज ढोलाचा नाही. पहिले दोन दिवस मात्र दोघांचाही समज तसाच होता, कारण तो ढोलाच्या पहिल्या थापेच्या अगदी लगत येत होता. संगीतकाराने मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, टिपरूचा प्रत्येक आघात तपासला आणि तिला सांगितले, “अगं, हे माझ्या फाइलमध्ये नाहीच.” शहानिशा करण्यासाठी तिने ढोलाच्या फाइलच्या जागी संपूर्ण शांततेची फाइल ठेवली आणि तोच प्रसंग चालवला. ढोल गेला, खटका तसाच राहिला. म्हणजे तो नव्या संगीताच्या सुरुवातीला होत नव्हता, तर जुन्या संगीताच्या शेवटाला होत होता.

[दृश्य: ध्वनिसंपादकात मुद्रित केलेला गेमचा आवाज. कॅमेरा तरंगाच्या जवळ जातो, अजून जवळ जातो. एकेक सॅम्पल ठिपक्यासारखे दिसू लागते.]

येथे थोडे थांबून पाहावे. सॅम्पल म्हणजे तरंगाच्या उंचीचे एका क्षणी घेतलेले माप. एका सेकंदात अशी 48,000 सॅम्पल आहेत आणि पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हे त्यांतील एक सॅम्पल आहे. तानपुऱ्याचा तरंग डावीकडून उजवीकडे वळणे घेत येतो, शेजारच्या दोन ठिपक्यांत फारसे अंतर पडत नाही, आणि मग 0.41 या उंचीवर असलेल्या ठिपक्याच्या शेजारचा ठिपका एकदम शून्यावर जाऊन बसतो. प्रोग्रामने त्या क्षणी `stop()` म्हटले आणि तरंग जेथे होता तेथेच कापला गेला. स्पीकरच्या पडद्याला एका सेकंदाच्या अठ्ठेचाळीस हजाराव्या भागात ही उडी घेण्यास सांगितले जाते आणि त्या उडीचाच आवाज आपल्याला ‘ठक्’ असा ऐकू येतो.

[दृश्य: तोच क्षण स्पेक्ट्रोग्रामवर. तानपुऱ्याच्या आडव्या, शांत रेषा. मधोमध तळापासून माथ्यापर्यंत एक उभी, प्रखर रेघ.]

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजातील कंपनसंख्या वेळेनुसार दाखवणारे चित्र, आणि त्यावर तर हा दोष लपूच शकत नाही. आडव्या रेषा तानपुऱ्याच्या स्वरांच्या आहेत. ही उभी रेघ कोणत्याही एका स्वराची नाही, कारण तीक्ष्ण उडीत खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या कंपनसंख्या एकदम सामावलेल्या असतात. कधी खटका जोरात येई, कधी येतच नसे, याचेही उत्तर याच चित्रात आहे. तरंग योगायोगाने शून्याजवळ असताना कापला गेला तर उडी लहान पडते आणि कानाला काही जाणवत नाही. दहा वेळा खेळून पाहताना चार वेळा दोष सापडला नाही, तरी तो प्रोग्रामातून गेलेला नसतो, हे येथे स्पष्ट दिसते.

[दृश्य: शत्रू पडतो. बासरी पहिल्या स्वरापासून सुरू होते. खेळाडू दोन पावले चालतो, दुसरा शत्रू येतो, ढोल पुन्हा पहिल्या थापेपासून.]

दुसरा दोष ऐकायला वेगळा वाटतो, परंतु त्याचे मूळ त्याच ओळीत आहे. ब्राउझरच्या वेब ऑडिओमध्ये ध्वनी वाजवणारा स्रोत एकदाच सुरू करता येतो. तो थांबवला की संपला; पुन्हा वाजवायचे तर नवा स्रोत तयार करावा लागतो आणि वेगळे काही सांगितले नाही तर तो पहिल्या सॅम्पलपासूनच वाजू लागतो. त्यामुळे प्रत्येक चकमकीनंतर बासरीचा आलाप मुखड्यापासून उगवत असे. संगीतकाराने सोळा आवर्तनांत हळूहळू वर नेलेली बासरी खेळाडूच्या कानावर बहुतेक वेळा तिसऱ्या आवर्तनापलीकडे गेलीच नाही. चाचणीला बसलेल्यांपैकी काहींनी संगीत बंद करून खेळणे पसंत केले.

[दृश्य: प्रोग्रामरचे हात, कीबोर्ड. पडद्यावर कोड.]

उपाय करताना तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे थांबवणेच काढून टाकले. गेम सुरू होताच दोन्ही तुकडे एकाच ठरलेल्या क्षणी सुरू होतात आणि शेवटपर्यंत वाजतच राहतात. ढोलाच्या वाटेवरचा आवाज तेवढा आरंभी शून्यावर ठेवलेला असतो.

```
fightGain.gain.value = 0;
const t0 = ctx.currentTime + 0.1;
walk.loop = fight.loop = true;
walk.start(t0);
fight.start(t0);
```

दोन्ही स्रोतांना `t0` हाच क्षण दिलेला आहे, ही यातली कळीची बाब आहे. त्यामुळे बासरी सातव्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवर असेल तर ऐकू न येणारा ढोलही तेथेच असतो. ढोल मैफलीत मधूनच येतो, पण मात्रा चुकवून येत नाही.

[दृश्य: दोन फाइलींचे तरंग एकाखाली एक. उजव्या टोकाला खालचा किंचित पुढे आलेला.]

यासाठी दोन्ही फाइली सॅम्पलपर्यंत सारख्या लांबीच्या असाव्या लागतात. 80 सेकंदांत 38,40,000 सॅम्पल बसतात. ढोलाची पहिली फाइल एमपीथ्री होती आणि त्या पद्धतीत आवाज लहान करताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडली जाते. ही फाइल 1,200 सॅम्पलनी लांब निघाली. हे जादा अंतर फक्त 25 मिलिसेकंदांचे आहे, पण ते प्रत्येक फेरीत साचत जाते आणि दहा फेऱ्यांनंतर ढोल पाव सेकंद मागे पडतो. एक मात्राच 0.625 सेकंदांची, तेव्हा एवढ्या फरकाने ताल सरळ सरळ मोडतो. दोन्ही तुकडे वेव्ह स्वरूपात नव्याने काढल्यावर ही अडचण संपली.

[दृश्य: मिक्सरच्या दोन दांड्या. एक खाली येते, दुसरी वर जाते. वर लेव्हल मीटर.]

आता क्रॉसफेड, म्हणजे एका तुकड्याचा आवाज उतरत असताना त्याच वेळी दुसऱ्याचा चढवणे. सर्वांत सोपी रीत सरळ रेषेची: एक 1 वरून 0 वर, दुसरा 0 वरून 1 वर. मध्यावर दोन्ही 0.5 असतात. मीटरकडे लक्ष द्यावे. मध्यावर तो खाली बसतो. बासरी आणि ढोल यांचे तरंग एकमेकांशी संबंधित नसल्यामुळे त्यांच्या उंचीची बेरीज होत नाही, शक्तीची होते, आणि 0.5 चा वर्ग अधिक 0.5 चा वर्ग म्हणजे अर्धीच शक्ती, अर्थात 3 डेसिबलचा खड्डा. लढाई ज्या क्षणी अंगावर येते, नेमका त्याच क्षणी आवाज दबतो. म्हणून सरळ रेषेऐवजी कोसाइन आणि साइन यांच्या वक्ररेषा घेतल्या, ज्यांत मध्यावर दोन्ही तुकडे 0.707 वर असतात आणि एकूण शक्ती कायम राहते.

[दृश्य: पुन्हा मीटर. या वेळी मध्यावर काटा वर उसळतो. संगीतकार हेडफोन काढून पडद्याकडे पाहतो.]

परंतु आता काटा वर उसळला. या दृश्यावर आम्ही चित्रीकरणाच्या दिवशी सर्वाधिक वेळ घालवला, कारण सूत्र बरोबर होते आणि कानही बरोबर होते. दोन्ही फाइलींत तानपुरा होता, आणि तो एकच ध्वनिमुद्रित तानपुरा होता. तंतोतंत सारखे दोन तरंग एकत्र आले की त्यांच्या उंचीचीच बेरीज होते: 0.707 अधिक 0.707 म्हणजे 1.414, आणि तानपुरा मध्यावर 3 डेसिबलनी फुगतो. सरळ रेषा तानपुऱ्याला योग्य होती, वक्ररेषा बासरी आणि ढोलाला योग्य होती. एका फाइलमध्ये कोंबलेल्या दोघांना एकच रेषा पुरी पडणार नव्हती.

[दृश्य: संगीतकार मिक्समधील तानपुऱ्याचा ट्रॅक वेगळा करून नवी फाइल काढतो.]

तोडगा संगीतकाराच्या बाजूने निघाला. त्याने तानपुरा दोन्ही तुकड्यांतून काढला आणि त्याची तिसरी फाइल केली, जी त्याच `t0` ला सुरू होते आणि जिच्या आवाजाला कोणी हात लावत नाही. वर फक्त बासरी आणि ढोल यांची अदलाबदल होते. षड्ज अखंड कानात असल्यामुळे ती अदलाबदल दोन वेगळ्या तुकड्यांची न वाटता एकाच रचनेची वाटू लागली. आमच्या मते या कामातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच आहे आणि तो केवळ प्रोग्राममधून कधीच निघाला नसता.

[दृश्य: शत्रू हद्दीच्या कडेवर पुढे-मागे करतो. पडद्याच्या कोपऱ्यात `x` ची किंमत खालीवर होताना दिसते.]

एक प्रसंग राहिला होता. ढोल चढत असतानाच शत्रू मागे फिरला तर? अर्धवट झालेला क्रॉसफेड सोडून नवा सुरू केला की आवाजाची पातळी उडी घेते आणि तोच खटका मागच्या दाराने परत येतो. म्हणून तिने क्रॉसफेड ही घटना न मानता ती एक जागा मानली: `x` शून्य असेल तर बासरी, एक असेल तर ढोल. प्रत्येक फ्रेमला `x` आपल्या लक्ष्याकडे, म्हणजे `goal` कडे, थोडा सरकतो, लक्ष्य बदलले तर असेल तेथूनच वळतो. `dt` म्हणजे मागच्या फ्रेमनंतर गेलेले सेकंद.

```
const step = dt / (goal > x ? 0.8 : 3.0);
x += Math.sign(goal - x) * Math.min(Math.abs(goal - x), step);
const t = ctx.currentTime;
walkGain.gain.setTargetAtTime(Math.cos(x * Math.PI / 2), t, 0.02);
fightGain.gain.setTargetAtTime(Math.sin(x * Math.PI / 2), t, 0.02);
```

लढाईत शिरताना 0.8 सेकंद आणि बाहेर पडताना 3 सेकंद, हे आकडे ऐकून ठरवलेले आहेत. शेवटचा 0.02 हा आकडा मात्र काढू नये. फ्रेम साधारण 16 मिलिसेकंदांनी येते आणि आवाज तेवढ्या अंतराने पायऱ्यापायऱ्यांनी बदलला तर बारीक खरखर ऐकू येते. `setTargetAtTime` त्या पायऱ्यांना उतार देते. शिवाय शत्रू 8 मीटरवर आला की लढाई सुरू, पण तो 14 मीटरपलीकडे गेल्याशिवाय ती संपत नाही, अशा दोन वेगळ्या हद्दी ठेवल्यामुळे कडेवरचा सततचा लपंडावही थांबला.

दोन तुकड्यांची लय किंवा सूर वेगळा असेल तर ही रीत चालत नाही. त्या 0.8 सेकंदांत दोन ताल एकमेकांच्या पायात येतात. तेथे समेची वाट पाहावी लागते किंवा दोहोंना जोडणारा छोटा तुकडा मध्ये वाजवावा लागतो. 1991 साली आलेल्या ‘मंकी आयलंड 2’ या गेमसाठी मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूज ही जी प्रणाली वापरात आणली, ती संगीत वाजत असतानाच योग्य जागा पाहून पुढच्या तुकड्याकडे वळत असे. ते संगीत मिडी स्वरूपात, म्हणजे सुटे स्वर वाजवण्याच्या सूचनांच्या रूपात होते. आपल्या हातात ध्वनिमुद्रित तरंग आहे, म्हणून कापण्याची जागा अधिक जपावी लागते.

[दृश्य: दुरुस्त गेमच्या आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम. तानपुऱ्याच्या आडव्या रेषा डावीकडून उजवीकडे सलग. बासरी विरत जाते, ढोल उमटतो. उभी रेघ नाही.]

आता तोच जंगलातला प्रसंग पहिल्यापासून, पूर्ण एक फेरी, 80 सेकंद. या भागावर निवेदन नाही.

[दृश्य: जंगल, शत्रू, लढाई, पुन्हा जंगल. फक्त गेमचा आवाज.]