आधी वाडी की आधी कंपनी? किर्लोस्कर नावाचा माग

(दृश्य: किर्लोस्करवाडी स्थानकाचा फलक. मागून मालगाडी जाते.)

सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, मिरज-पुणे लोहमार्गावर हे स्थानक आहे. नावात ‘वाडी’ असल्यामुळे अनेकांना वाटतं, हे जुनं गाव असणार आणि कारखान्यानं गावाचं नाव घेतलं असणार. आपल्याकडे निपाणीचे निपाणीकर होतात, तेव्हा हा समज होणं साहजिक आहे. पण इथे क्रम उलटा आहे, आणि तो कागदांवरून सिद्ध करता येतो.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर कंपनीची सरकारी नोंद.)

सुरुवात सगळ्यात कोरड्या कागदापासून करू. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला एक ओळख क्रमांक असतो. किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेडचा असा आहे:

L29113PN1920PLC000670

पहिलं अक्षर सांगतं, की हिचे शेअर बाजारात नोंदलेले आहेत. पुढचे पाच आकडे उद्योगाचा प्रकार सांगतात. मग राज्याची किंवा नोंदणी कार्यालयाची दोन अक्षरं, आणि त्यानंतर 1920. हे कंपनी नोंदली गेल्याचं साल. हा क्रमांक देण्याची पद्धत फार नंतरची, पण त्यातलं साल मूळ नोंदीतून आलेलं असतं.

मात्र 1920 साली नावाचा जन्म झाला असं म्हटलं, तर आपण फसू. नोंदणी ‘लिमिटेड’ची झाली. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे दोन शब्द त्याआधीपासून दुकानावर होते. कंपनी स्वतःची सुरुवात 1888 पासून मोजते. म्हणजे दप्तरातलं साल आणि सांगण्यातलं साल यांत 32 वर्षांचं अंतर आहे, आणि नावाचा अर्थ नेमका त्या 32 वर्षांत दडलेला आहे.

(दृश्य: बेळगावची जुनी पेठ.)

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, बेळगावात. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा हा धंदा. ‘ब्रदर्स’ हा शब्द इथून आला. नंतर नांगर, कडबा कापायची यंत्रं, पंप असं सगळं आलं आणि पुढच्या पिढ्याही आल्या, पण नावातले भाऊ तेच दोघे.

ही हकिगत आपल्यापर्यंत घरातल्या माणसांच्या आठवणींतून आणि कंपनीच्या इतिहासातून पोचली. अशी साधनं मोलाची असतात, कारण नाव का ठेवलं हे नोंदणीचा कागद कधीच सांगत नाही. तो फक्त काय ठेवलं ते सांगतो. पण आठवण लिहिली जाते धंदा मोठा झाल्यावर, आणि साल मागे सरकवण्याची सवय तिला असते. म्हणून माझा नियम असा आहे: सांगितलेलं साल त्या माणसाच्या वयाशी ताडून पाहायचं. 1888 साली लक्ष्मणराव 19 वर्षांचे होते. त्या वयात सायकलींचा व्यवहार सुरू होणं अशक्य नाही. पण ‘धंद्याला सुरुवात’ आणि ‘पाटीवर हे नाव’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला त्या काळातलाच कागद लागतो: पावती, जाहिरात किंवा पत्राचा माथा.

(दृश्य: औंध, मूळपीठाचा डोंगर. मग कुंडलची शेतं.)

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आपल्या मुलखात जागा दिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि कुंडल सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. 1910 साली कारखाना कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आला. त्या माळावर वस्ती उभी राहिली, तिला किर्लोस्करवाडी म्हणू लागले, आणि पुढे स्थानकाचंही नाव तेच झालं.

मला या सगळ्या शोधातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण पत्ता घड्याळाचं काम करतो. जुन्या कागदावर ‘बेळगाव’ असेल, तर तो बहुधा स्थलांतराआधीचा. ‘कुंडल रोड’ असेल, तर वसाहतीच्या सुरुवातीचा. ‘किर्लोस्करवाडी’ असेल, तर 1910 नंतरचा. आणि एखाद्यानं 1905 चं म्हणून किर्लोस्करवाडीचं पत्रक दाखवलं, तर साल चुकलेलं आहे हे तिथल्या तिथे कळतं.

मग आडनाव कुठलं? ते कोकणातलं. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यात किर्लोस नावाचं गाव आहे. किर्लोसचे ते किर्लोस्कर. याच घराण्यातले अण्णासाहेब किर्लोस्कर संगीत नाटकामुळे 1880 च्या सुमारास महाराष्ट्रभर गाजले. म्हणजे नांगरावर यायच्या आधी हे नाव रंगभूमीवर येऊन गेलं होतं. क्रम असा लागतो: किर्लोस गाव, त्यावरून आडनाव, आडनावावरून कंपनी, आणि कंपनीवरून वाडी.

(दृश्य: पंपाच्या बिडाच्या कवचावरची उठावाची अक्षरं. बोटानं धूळ पुसली जाते.)

आता तिसरं साधन, ट्रेडमार्क. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. भारतात ट्रेडमार्कच्या नोंदणीचा पहिला कायदा 1940 चा. त्याआधीचं नोंदणीपुस्तकच नाही. त्यामुळे त्यात जुनं काही सापडलं नाही, तर चिन्ह वापरात नव्हतं असा अर्थ होत नाही. अर्जात ‘केव्हापासून वापरात’ असा एक रकाना असतो. पण तिथे लिहिलेलं साल हा अर्जदाराचा दावा असतो. वाद झाला, की तो पावत्या, जाहिराती आणि प्रतिज्ञापत्रांनी शाबीत करावा लागतो.

आडनावाची अडचण आणखी वेगळी. 1958 च्या कायद्यात नुसतं आडनाव सहज नोंदलं जात नसे. लोक ते आडनाव ऐकून माणूस नव्हे, माल ओळखतात, हे दाखवावं लागे. म्हणून अशा चिन्हांच्या फायली आणि निकाल इतिहास शोधणाऱ्याला खजिनाच वाटतात. मुंबई उच्च न्यायालयाचा किर्लोस्कर डिझेल रिकॉन विरुद्ध किर्लोस्कर प्रोप्रायटरी हा निकाल त्यातलाच. तो न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या 1996 च्या खंडात आहे. आपलं स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला कायदा मुभा देतो. पण माणसाला नाव जन्मानं मिळतं आणि कंपनी आपलं नाव निवडते, म्हणून ती मुभा कंपनीला मिळत नाही, अशी भूमिका न्यायालयानं घेतली आणि किर्लोस्कर डिझेल रिकॉनला हे नाव वापरण्याची मनाई कायम ठेवली. किर्लोसहून निघालेलं आडनाव आता मालाची ओळख झालं आहे, हे तिथे मान्य झालं.

(दृश्य: जुन्या पावत्यांची चळत, उन्हात पसरलेली.)

पलूस, तासगाव, खानापूर या भागात बागायतदारांच्या घरी जुन्या नांगराच्या, पंपाच्या पावत्या अजून निघू शकतात. कुणाकडे असली, तर तिचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा. वर छापलेलं कंपनीचं पूर्ण नाव पाहा: त्यात ‘लिमिटेड’ आहे का? नसेल, तर ती 1920 च्या आधीची असण्याची शक्यता आहे. मग पत्ता वाचा. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं, ते कापू नका. हाती लिहिलेली तारीख पुसट झाली असेल, तर तो छापखाना कोणत्या गावी आणि कोणत्या वर्षांत चालत होता, यावरून कागदाचं वय काढता येतं.