‘प्रेशर जमेल ना?’ म्हणजे नेमकं काय?

मागे एका गोदामाच्या मुलाखतींना मी बसलो होतो. माल रवाना करणाऱ्या सुपरवायझरची जागा होती. समोर एक बाई होत्या, बाकी सगळं ठीक चाललेलं, आणि मॅनेजरांनी विचारलं, “ताई, घरी लहान मूल आहे म्हणता. मग इथलं प्रेशर जमेल ना?” त्या म्हणाल्या, “हो, जमेल.” दुसरं काय म्हणणार? त्यांच्या आधी आलेल्या तिन्ही पुरुषांना मुलांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. “प्रेशर जमेल ना” मात्र त्यांनाही विचारलं होतं आणि तेही “हो” म्हणाले होते. चार उमेदवार, चार होकार, आणि कागदावर लिहायला काहीच नाही.

आज या एकाच प्रश्नाबद्दल बोलतो.

मुलाचा भाग आधी बाजूला काढू. भरती करताना बाई म्हणून डावलायला 1976 च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती. आज ती तरतूद 2019 च्या वेतन संहितेत आहे. पण कायदा क्षणभर विसरा. मॅनेजरांच्या मनात खरी शंका काय होती, हे मी नंतर विचारलं. ते म्हणाले, “महिनाअखेरचे चार-पाच दिवस शेवटची गाडी रात्री आठला सुटते. तोवर माणूस जागेवर लागतो.” मग हेच सांगा ना! “महिनाअखेरीला चार-पाच दिवस रात्री आठपर्यंत थांबावं लागतं. ही वेळ तुम्हाला चालेल का?” याचं उत्तर हो किंवा नाही असंच येणार, आणि ते तसंच यायला हवं. नोकरीची अट असेल तिथे उगाच खुला प्रश्न करू नये. फक्त तो सगळ्यांना विचारायचा, त्याच शब्दांत. वडिलांच्या डायलिसिससाठी संध्याकाळी घरी लागणारा एखादा पुरुषही असू शकतो, त्यालाही आधी कळलेलं बरं.

आता उरलं ‘प्रेशर’. हा शब्द काम सांगतच नाही. मी विचारलं, गेल्या महिन्यात कधी वाटलं की इथे कच्चा माणूस टिकला नसता? ते लगेच म्हणाले, “चलान आणि माल जुळत नाही तेव्हा.” प्रश्न तिथे होता.

पहिला मसुदा आम्ही असा केला: “चलान आणि माल जुळला नाही तर काय कराल?” तोही फसला. गोदामातल्याच दोघांना विचारून पाहिला, एक अगदी पक्का आणि एक बेताचा. दोघेही म्हणाले, “साहेबांना सांगेन.” ज्या प्रश्नावर या दोघांची उत्तरं सारखीच येतात, तो उमेदवारांमध्ये तरी काय फरक दाखवणार?

मग प्रसंग भरला. “संध्याकाळचे सहा वाजलेत. कागदावर 40 खोकी आहेत, गाडीत 38 चढलीत. ड्रायव्हर निघायची घाई करतोय आणि मॅनेजर फोन उचलत नाहीत. तुम्ही काय कराल, आणि कोणत्या क्रमाने?” आता फरक दिसला. बेताचा म्हणाला, गाडी सोडेन, दोन खोकी उद्या पाठवेन. पक्क्याने आधी गाडी थांबवली, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतलं, खोकी मागे राहिली का ते रॅकवर पाहिलं, आणि सापडली नाहीत तर कागद बदलल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणाला.

‘चलान’ऐवजी ‘कागद’ का? कपड्यांच्या दुकानात मोजणीचं काम केलेली व्यक्ती शब्दापाशी अडू नये म्हणून. पक्का माणूस पुढे हेही म्हणाला की ई-वे बिल निघालं की त्यातला मालाचा आकडा बदलता येत नाही, ते 24 तासांच्या आत रद्द करून नवं काढावं लागतं. बरोबर आहे. पण त्याला गुण ठेवले नाहीत. ते आपण पहिल्या आठवड्यात शिकवतो. शिकवणार ते आधीच येतं का म्हणून माणूस नाकारण्यात काय अर्थ? गुण कशाला, हे मुलाखतीआधीच लिहून ठेवलं: गाडी थांबवणं, पुन्हा मोजणं, कागद आणि माल एक करणं. उपप्रश्नही दोनच ठरवले, “आधी काय?” आणि “ते का?” एरवी आवडलेल्या उमेदवाराला आपण नकळत हात देत राहतो.

या प्रश्नाची मर्यादाही आहे. छान बोलणारा छान सांगतो, मोजेलच असं नाही. म्हणून शेवटच्या दोघांना आम्ही खरोखर रॅकपाशी नेऊन कागद हातात दिला आणि मोजायला सांगितलं. दहा मिनिटं लागली.

आणि कोणी आपणहून म्हणालं, “माझं मूल लहान आहे, पण सासूबाई असतात घरी,” तर? ऐकून घ्यायचं, कागदावर लिहायचं नाही, आणि खोक्यांच्या प्रश्नाकडे वळायचं.