तळणीसमोरचा चेहरा

दुपारचे तीन वाजलेत. तळणीवरच्या या आचाऱ्याने सकाळपासून पाचव्यांदा तोंड धुतलंय, तेही हात धुवायच्या साबणाने. धुतल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं. मग गाल ओढल्यासारखे होतात, आणि पुन्हा घाम आला की चुरचुरायला लागतात.

चेहरा जरा जवळून बघा. कपाळावर, टोपीची कड टेकते तिथे, बारीक पुरळ आलंय. नाकाच्या दोन्ही बाजूंना मात्र त्वचा लाल, कोरडी, सालपटं निघालेली. एकाच चेहऱ्यावर तेलही आहे आणि कोरडेपणाही. आचाऱ्याला वाटतं, तेल नीट निघालेलं नाही. म्हणून तो आणखी धुतो आणि कोरडेपणा आणखी वाढतो.

तोंडावर नेमकं काय साचतं ते आधी पाहू. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडं मीठ. तो साध्या पाण्याने निघून जातो. तळणाच्या धुरातून येऊन बसलेलं तेल पाण्याने निघत नाही, त्याला क्लेन्झर लागतो. पण त्वचेच्या वरच्या थरातही पेशींना धरून ठेवणारा तिचा स्वतःचा स्निग्धांश असतो. साबण धुराचं तेल काढतो आणि त्याबरोबर हा स्निग्धांशही नेतो. शिवाय चेहऱ्याच्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ५ च्या आसपास असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीच्या साबणवडीचा ९ ते १०, म्हणजे ती अल्कधर्मी. एकदा धुतल्यावर त्वचा काही तासांत सावरते. इथे मात्र ती सावरायच्या आत पुन्हा साबण लागतो. समोरच्या आचेने तिच्यातलं पाणी उडत असतं, ते वेगळंच.

घाम गालांना झोंबायला लागला, की त्वचेचं हे कवच फाटलंय असं समजा. धडधाकट त्वचेला स्वतःचा घाम सहसा झोंबत नाही.

मग या आचाऱ्याने दिवसभरात काय करायचं? कामावर जाण्याआधी नुसत्या पाण्याने तोंड धुवायचं आणि हलकं, जेलसारखं मॉइश्चरायझर पातळ लावायचं. चेहऱ्याला तेल किंवा जाड क्रीम नको. त्याखाली घाम अडतो आणि घामोळं उठतं. टोपीखाली सुती पट्टी बांधायची आणि ती चिंब झाली की बदलायची, म्हणून खिशात दोन-तीन जास्तीच्या ठेवायच्या. घाम टिपायचा, घासायचा नाही. आणि ओटा पुसायचं फडकं चेहऱ्याला लागता कामा नये. कितीही घाई असली तरी नाही, कारण त्यात तेल आणि भांड्यांचा साबण दोन्ही असतात.

मधल्या सुट्टीत आधी हात धुवायचे, मग चेहऱ्यावर साधं पाणी मारायचं. बर्फाचं नको, तापलेलंही नको. साबण तर नाहीच.

खरी धुलाई काम संपल्यावर, एकदाच. साबणविरहित सौम्य क्लेन्झर, कोमट पाणी आणि बोटांनी अर्धा-एक मिनिट हलका हात. कपाळाची केसांलगतची रेघ, कानांसमोरचा भाग आणि जबड्याखालची जागा इथे तेल राहून जातं, तिथे थोडं जास्त थांबायचं. दाणेदार स्क्रब वापरू नये. चेहरा टिपला की तो ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड लावायचं असेल, तर आधी गालांची चुरचुर थांबू द्यावी. मग २.५ टक्क्यांचं, रात्री, पातळसं. कामावर जाताना लावलं तर घाम आणि आचेत ते भाजल्यासारखं झोंबतं.

गालांची चुरचुर दोन ते चार आठवड्यांत कमी व्हायला हवी. मुरुमांना जास्त वेळ लागतो, सहा ते आठ आठवडे तरी. दहाव्या दिवशी औषध बदलणारे बरेच जण असतात, त्यांचं पुरळ जात नाही ते बऱ्याचदा त्यामुळेच.

अर्थात आच कुठल्याच क्रीमने अडत नाही. त्यासाठी वर बघावं लागतं, धूर ओढणाऱ्या हुडकडे. शेगडी बंद करून आणि पंखा चालू ठेवून जाळीखाली पातळ कागद धरा. तो जाळीला चिकटला नाही, तर बहुतेक वेळा जाळी तेलाने तुंबलेली असते. मग धूर तोंडावरच येतो. जाळी वेळच्या वेळी धुतली जाते की नाही हे मालकाने बघायचं काम आहे, एकट्या आचाऱ्याच्या डोक्यावर ते टाकू नये.

कपाळावरचे पुरळ एकसारख्या आकाराचे, खाजणारे आणि मुरुमाच्या औषधाला दाद न देणारे असतील, तर ते मुरुम नसून केसांच्या मुळाशी वाढलेल्या यीस्ट नावाच्या बुरशीमुळेही असू शकतात. त्यांचं औषध वेगळं असतं, आणि पोटातून घेतलेल्या अँटिबायोटिकने ते वाढूही शकतात. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं, आणि आपण दिवसभर तळणीसमोर उभे असतो हे त्यांना सुरुवातीलाच सांगावं.