ओलं काय, उंदीर की पिंप?

(मराठीच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कविता कशी शिकवावी यावर मी आज बोलणार नाही, त्यावर आपण सगळेच वर्षभर बोलत असतो. मी आज एका विद्यार्थिनीच्या डायरीतली एका रात्रीची नोंद वाचणार आहे. मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. नोंद तिने आपणहून दिली, नाव सांगू नका म्हणाली. कविता मर्ढेकरांची, १९४७च्या ‘काही कविता’मधली, ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. दुसऱ्या दिवशी तासाला ती तिने वर्गापुढे वाचून समजावून सांगायची होती.

सुरुवात अशी आहे : “पोटात गोळा आलाय. एक तर उंदीर, तेही मेलेले. त्यात ‘गात्रलिंग’ हा शब्द मी मागच्या बाकावरच्या पोरांसमोर मोठ्याने कसा वाचू? गाईडमध्ये लिहिलंय की उंदीर म्हणजे यंत्रयुगातला असहाय माणूस. बरं, झालं. मग कविता कशाला वाचायची?”

हा प्रश्न मला फार आवडला. गाईड चूक सांगत नाही. पण कवितेत पाऊल टाकण्याआधीच उत्तर हातात पडलं की मुलांना आत शिरायचं कारणच उरत नाही. आणि त्या शब्दाबद्दल तिला वाटलेल्या संकोचाला आपण हसू नये. याच संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला होता. मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले, ही गोष्ट वेगळी.

पुढे ती लिहिते : “पहिलीच ओळ अडते. ओल्या उंदीर? ओले उंदीर हवं ना? छापताना चुकलं असेल.” मग थोड्या वेळाने, वेगळ्या शाईत : “चुकलेलं नाही. ‘ओल्या’ हे पिपाचं विशेषण आहे! ओल्या पिपांत उंदीर मेले. शब्द उचलून पलीकडे ठेवलाय.”

इथे तिचं भय पहिल्यांदा सुटलं असं मला दिसतं. प्रतीक, आशय, युगजाणीव यांच्यामुळे नाही, तर शाळेत शिकलेल्या सामान्यरूपामुळे. ‘ओल्या’ला पिपाशी जोडलं की वाक्य सरळ होतं. पण कानावर मात्र ‘ओल्या उंदिर’ हेच पडत राहतं, त्यामुळे पिंपाचा ओलेपणा उंदरांच्या अंगाला चिकटतो. हे तिने लिहिलेलं नाही, माझी भर आहे.

त्यानंतर ती ओळी बाकावर बोटांनी वाजवत म्हणू लागली. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे, पादाकुलक. ‘उंदीर’चा ‘उंदिर’ झाला तो त्या मापासाठीच. तिची खोलीतली मैत्रीण म्हणाली, “काय गं, भोंडल्याची गाणी म्हणतेस का?” डायरीत पुढे एवढंच : “खरंच तशी चाल लागते. मेलेल्या उंदरांना अशी चाल का?” उत्तर तिला लगेच सापडलं नाही, आणि तिने ओढूनताणून शोधलंही नाही.

आता नोंदीतला सगळ्यात चांगला भाग. “माना पडल्या, मुरगळल्याविण. दोन ओळींनंतर पुन्हा माना पडल्या, पण आता आसक्तीविण. आजीच्या घरी पिंजऱ्यात उंदीर सापडला की आजी पिंजरा तसाच पाण्याच्या पिंपात बुडवायची आणि स्वयंपाकाला लागायची. उंदराला कुणी हात लावत नसे. मान मुरगळायला निदान हात लावावा लागतो. म्हणजे इथे मारणारा कुणी दिसतच नाही.”

बघा, ‘असहाय माणूस’ हे गाईडचे शब्द होते, त्यांना तिने आता आजीच्या पिंपाचा तळ दिला. आणि दुसऱ्या ‘माना पडल्या’ला ती म्हणते, “ओठांवर ओठ आल्यावरही मान कलते, पण ती ओढीने. हे उंदीर पिंपातल्या गर्दीत एकमेकांवर पडलेत, म्हणून ओठाला ओठ लागलेत. मरण आणि चुंबन, दोन्हींत मान पडते आणि दोन्ही ठिकाणी काहीतरी नाही.” एकाच रचनेत फक्त शेवटचा शब्द बदलून मर्ढेकरांनी हे साधलं, हे मी वर्गात अनेकदा सांगितलं असेल. तिने ते पिंपाजवळ उभं राहून पाहिलं.

मग ती ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’ या ओळींशी येते. पुस्तकातली ही ओळ तिने पेन्सिलने वर्तुळात घेतली आणि तिथून ‘आसक्तीविण’पर्यंत रेघ ओढली. डायरीत लिहिलं : “आसक्ती वर गेली, खाली सक्ती राहिली.” एवढंच. मी बरीच वर्षं ही कविता शिकवली, पण या दोन शब्दांचा आवाज एकमेकांना जोडून कधी ऐकला नव्हता. कवीने ते मुद्दाम केलं का, हे मला ठाऊक नाही आणि विचारायचं कारणही नाही. कानाला ऐकू येतं, ते कवितेत आहे.

‘बेकलायटी’वर ती अडली ती माहितीअभावी. आजच्या मुलीने बेकलाइट कुठे पाहिलेलं असणार? तिने फोन करून वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, जुन्या रेडिओची तपकिरी खोकी, विजेची काळी बटणं, ती बेकलाइटची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेलं हे पहिलंवहिलं पूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक. एकदा घट्ट झालं की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते, तेव्हा ही वस्तू त्यांच्या रोजच्या नजरेतली असणार. ती लिहिते, “मधाचं पोळं मेणाचं असतं, ऊब लागली की मऊ पडतं. ओठांवरचं हे पोळं रंगाने मधासारखं आहे, पण ते कधीच वितळणार नाही.” तोवर डोळेही काचेचे झालेलेच होते. सजीव अवयवांच्या जागी एकेक वस्तू येत जाते, हे तिला फोनच्या शेवटी उमगलं.

‘दिवस सांडला घाऱ्या डोळीं’ आणि त्यापुढची ‘गात्रलिंग’ची ओळ तिने सोडून दिली. शेजारी लिहिलं, “अजून नाही.” मला ते योग्य वाटतं. या ओळींचं अन्वय लावताना समीक्षकांचीही ओढाताण होते, आणि एका रात्रीत सगळी कविता उलगडलीच पाहिजे असा काही नियम नाही.

शेवटच्या ओळीवर मात्र आमचं जमत नाही. ‘पिपांत उंदिर न्हाले ! न्हाले !’ पहिल्या ओळीतलं ‘मेले’ जाऊन तिथे ‘न्हाले’ आलं, हे तिने हेरलं. तिचं म्हणणं : “न्हाऊ घालतात लग्नाआधी, आणि तिरडीवर ठेवण्याआधीही. आधी ओठांवर ओठ आहेत, म्हणून दोन्ही एकदमच झालंय.” मला त्या दोन उद्गारचिन्हांत उपहास ऐकू येतो. बुडून मेलेल्यांना न्हाले म्हणणारा आवाज त्यांचा नाही, काठावर उभं राहून बघणाऱ्याचा आहे, आणि भोंडल्यासारखी ती चालही त्याचीच. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “सर, मग काठावरच्या माणसाला अंघोळच का सुचावी, ते सांगा ना.” मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही. आता प्रश्नोत्तरांना वेळ आहे, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर द्या.